‘ओली माती’ नावाची शाई आमच्याकडे का नाही?

आमच्या पावसाळी छटांमध्ये ‘ओली माती’ कशी नाही, असं बरेच ग्राहक विचारतात. खरं तर पहिलं नाव तेच ठरलं होतं. ती तपकिरी शाई बाटलीत आणि निबवर अगदी भिजल्या ढेकळासारखी दिसायची. कागदावर उमटली तरी क्षणभर तशीच. वाळली की मात्र विटकरी ओळ उरायची.

याचं कारण मातीतच आहे. कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते. तिथे प्रकाश विखुरतो, बराचसा परत येतो आणि माती फिकी दिसते. पाणी शिरलं की विखुरणं कमी होतं, प्रकाश आत शोषला जातो आणि माती गडद होते. कागदाचे तंतूही असेच वागतात. म्हणजे ताज्या अक्षराच्या काळेपणात रंगाइतकाच पाण्याचाही वाटा असतो, आणि पाणी तर उडून जाणार.

म्हणून आता नमुना दिवसभर वाळू देतो, खिडकीच्या उजेडात बघतो आणि मगच नावाचं बोलतो. या तपकिरीने बारीक निबमधून फिकट तांबूस रेघ दिली. जाड निबमधून, गुळगुळीत कागदावर, अक्षराच्या शेवटी शाई साचते तिथे ती काळपट राहिली. अर्धी ओली, अर्धी सुकलेली. जमिनीच्या अशा स्थितीला मराठीत नेमका शब्द आहे: वाफसा. तेच नाव दिलं.

‘मृद्गंध’ सगळ्यांनीच सुचवलं होतं. पण तो वास आहे, रंग नव्हे. आणि बाटली उघडून हुंगलंत तर येईल तो बुरशी रोखणाऱ्या द्रव्याचा!

करड्या शाईचं नाव ‘मळभ’. हा करडा एका रंगाचा नाही, काही रंग मिसळून केलेला आहे. टीपकागदावर थेंब टाकून कडेला पाणी सोडलंत, तर निळा पुढे पळतो आणि जांभळट मागे राहतो. शोषणाऱ्या कागदावर अक्षराच्या कडेला निळसर झाक दिसते ती यामुळेच. बाटली खराब निघाली असं समजू नका. ‘राख’ म्हटलं असतं तर ही झाक दोष वाटली असती. आभाळ भरून येतं तेव्हा ते तरी कुठे एकाच रंगाचं असतं?

फिकट निळीला ‘संततधार’ म्हणणार होतो. एकाने विचारलं, “म्हणजे पाण्यात टिकते का?” टिकत नाही. आमच्या सगळ्याच शायांमधले रंग पाण्यात विरघळणारे आहेत, ओलं बोट लागलं तरी अक्षर फिसकटतं. म्हणून ती झाली ‘उघडीप’. पाकिटावर पत्ता लिहायला मात्र यातली कुठलीच वापरू नका.

छटापत्रिकेवरचे नमुने जाड निबने, गुळगुळीत कागदावर काढलेले आहेत. बारीक निब वापरत असाल तर ‘वाफसा’ त्याहून तांबूस आणि ‘उघडीप’ बरीच पुसट दिसेल.