सरप्लस आणि आर्टिफिशियल: शेजारी बसले म्हणून भाऊ नव्हेत

सिम्प्लेक्स पद्धतीने रेषीय प्रोग्रॅमिंगचा प्रश्न सोडवताना ≤ ची अट आली की स्लॅक मिळवायचा, हे सगळ्यांना येतं. x ≤ 6 चं x + s2 = 6 होतं आणि s2 म्हणजे न वापरलेली क्षमता. फक्त त्याआधी उजवी बाजू ऋण नाही ना, हे पाहा. असेल तर −1 ने गुणा. चिन्ह उलटतं आणि स्लॅकच्या जागी सरप्लस लागतो.

घोळ होतो तो ≥ पाशी. हे उदाहरण घ्या: Z = 2x + 3y किमान करायचं आहे, अटी x + y ≥ 10 आणि x ≤ 6. पहिली अट अशी लिहिली जाते:

```
x + y − s1 + A1 = 10
```

इथे हमखास प्रश्न येतो: एक वजा, एक अधिक, मग दोन्ही खोडले तर काय बिघडलं? बिघडतं हे, की A1 − s1 मिळून कुठलीही धन किंवा ऋण संख्या होऊ शकते, म्हणजे अटच उरत नाही. सरप्लस s1 हा खरा आकडा आहे: 10 पेक्षा किती जास्त झालं ते तो सांगतो, आणि उत्तरात तो 5 आला तरी बिनघोर राहा. आर्टिफिशियल A1 मात्र अट मोडल्याची कबुली आहे. x = y = 0 धरून सुरुवात केली तर s1 = −10 येतो, तो चालत नाही; म्हणून बेसिसमध्ये, म्हणजे शून्य न धरलेल्या चलांच्या संचात, A1 = 10 बसवतात. समीकरण जुळतं, पण 0 ≥ 10 खोटंच असतं.

म्हणून Z मध्ये s1 चा सहगुणक 0, तर A1 चा +M (कमाल प्रश्नात −M); M म्हणजे दंड म्हणून लावलेली प्रचंड मोठी संख्या. पहिल्या फेरीत x आत येतो, s2 बाहेर जातो; x = 6, A1 = 4. दुसऱ्या फेरीत y आत, A1 बाहेर; x = 6, y = 4, Z = 24. बाहेर पडलेल्या A1 चा स्तंभ खुशाल खोडा. s1 चा खोडू नका, तो पुढे बेसिसमध्ये येऊ शकतो.

आता y ≤ 3 ही अट वाढवा. x + y फार तर 9 होतं, त्यामुळे शेवटी A1 = 1 उरतो. उत्तरात A1 धन राहिला की प्रश्नाला उकलच नाही. तिथे Z चा आकडा लिहून मोकळं होणं ही माझ्या मते सर्वांत चीड आणणारी चूक. A1 शून्य असूनही बेसिसमध्ये अडकला असेल तर ती गोष्ट वेगळी: उकल आहे, फक्त एखादी अट बहुधा फालतू आहे.

= च्या अटीला सरप्लस नाही, नुसता आर्टिफिशियल. आणि संगणकावर M = 1000000 ठोकण्यापेक्षा दोन टप्प्यांची पद्धत घ्या: आधी फक्त A1 किमान करा, तो शून्य झाला की खरा Z आणा. प्रचंड M शेजारी 2 आणि 3 हे सहगुणक राउंडिंगमध्ये हरवू शकतात.