आकारप्रमाणी नमुनानिवड

सर्वेक्षणासाठी गावे, शाळा किंवा कारखाने निवडताना मोठ्या घटकाला त्याच्या आकाराच्या प्रमाणात जास्त संधी देण्याची पद्धत. बोलताना तिला ‘पीपीएस’, म्हणजे ‘प्रोबॅबिलिटी प्रपोर्शनल टू साइज’, म्हणतात. हॅन्सन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी 1943 मध्ये तिची सैद्धांतिक मांडणी केली. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भागातली गावे अशीच निवडली जातात.

समजा पाच गावांच्या यादीत अनुक्रमे 120, 340, 80, 460 आणि 200 कुटुंबे आहेत, एकूण 1200. त्यांतून दोन गावे घ्यायची आहेत. आधी चढती बेरीज मांडतात: 120, 460, 540, 1000, 1200. दोन गावे हवीत म्हणून टप्पा 600 चा. 1 ते 600 मधला यादृच्छिक आकडा 415 निघाला, तर तो 121 ते 460 या पट्ट्यात, म्हणजे दुसऱ्या गावात पडतो. त्यात 600 मिळवले की 1015, म्हणजे पाचवे गाव. एखाद्या गावाचा आकार टप्प्याहून मोठा असेल, तर ते आधीच नक्की घेऊन बाजूला काढतात आणि उरलेल्यांतून निवड करतात.

दुसऱ्या गावाची निवडसंभाव्यता 2×340/1200. तिथे 340 पैकी 20 कुटुंबे घेतली, की प्रत्येक कुटुंबाची एकूण संभाव्यता 1/30 येते. पाचव्या गावातही 20 घेतली तर तीच. गावाचा आकार अंशात आणि छेदात येऊन कटतो, त्यामुळे प्रत्येक कुटुंबाचा भार, म्हणजे निवडसंभाव्यतेचा व्यस्त, 30. पद्धतीची खरी सोय इथे आहे: अन्वेषकाला प्रत्येक गावात सारखेच काम आणि गणितही सोपे.

यादी मात्र जनगणनेची, जुनी असते. घरयादी करताना पाचव्या गावात 200 ऐवजी 300 कुटुंबे सापडली, तर तिथली संभाव्यता 1/45 आणि भार 45 होतो. समजा दुसऱ्या गावात 20 पैकी 10, पाचव्यात 16 घरांत नळ आहे. सरळ मोजणीने 65 टक्के येतात. भार लावला, तर (300 + 720) भागिले (600 + 900), म्हणजे 68 टक्के. फरक तीन टक्क्यांचा, पण कोणत्या बाजूला झुकेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून भार न लावता टक्केवारी काढणे हा आळस परवडत नाही.

प्रत्येक मोजमापाला भाराने गुणून बेरीज घेण्याचा अंदाजक हॉर्विट्झ आणि थॉम्पसन यांनी 1952 मध्ये मांडला. तो पूर्वग्रहरहित आहे, म्हणजे सरासरीने खऱ्या आकड्यावरच येतो, पण आकार आणि मोजायची गोष्ट यांचा संबंध नसेल तर फार अस्थिर होतो: यादीत लहान दिसणाऱ्या, पण प्रत्यक्षात मोठी उलाढाल असलेल्या एका कारखान्याचा मोठा भार अख्खा अंदाज फुगवतो. अशा वेळी भार छाटतात, आणि थोडा पूर्वग्रह पत्करतात.

वरच्या यादीत आणखी एक अडचण लपलेली आहे. पहिले आणि दुसरे गाव कधीच एकत्र निवडले जाणार नाहीत, कारण त्यांचे पट्टे मिळून 600 च्या आतच संपतात. जोडीची संभाव्यता शून्य असली की प्रसरणाचा, म्हणजे अंदाज नमुन्यागणिक किती बदलतो याचा, पूर्वग्रहरहित अंदाज काढता येत नाही. म्हणून व्यवहारात निवड पुनर्स्थापनेसह, म्हणजे निवडलेले गाव पुन्हा यादीत टाकून, झाली असे मानून प्रसरण काढतात, आणि ते बहुधा थोडे जास्तच येते.