मुतखड्याचा कागद आणि ताटातलं अळू

लालबागचे एक काका आहारसल्ल्यासाठी माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन कागद होते. एक मुतखड्याचा, दुसरा यूरिक ॲसिडचा, दोन्ही इंग्रजीवरून मराठीत उतरवलेले. घरच्यांनी दोन्हींतल्या मनाई एकत्र केल्या होत्या. दूध-दही बंद, डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. काका महिनाभर बहुतेक दुधी आणि भातावर होते.

खडा सहा मिलिमीटरचा. लघवी चहाच्या गाळणीतून गाळायला सांगितली होती म्हणून तो हाती लागला आणि तपासणीला गेला. निघाला कॅल्शियम ऑक्झलेटचा. रक्तातलं यूरिक ॲसिड 7.4, म्हणजे थोडं जास्त.

आता कागद बघा. ऑक्झलेट म्हणजे काही भाज्यांत आणि दाण्यांत असणारा, कॅल्शियमला चिकटणारा घटक. तो टाळायच्या यादीत 'रुबार्ब' ही विलायती भाजी होती. लालबागच्या बाजारात ते कोण विकतं? पण अळू नव्हतं, चुका नव्हता, लाल माठ नव्हता, तीळही नव्हते. आणि काकांकडे पावसाळाभर आठवड्यातून दोनदा अळूचं फदफदं. अळू खाजतं ते त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि ते स्फटिक कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात, म्हणजे खडा ज्याचा तेच. चिंच किंवा चुका घातला की घशाची खाज कमी होते, ऑक्झलेट मात्र भाजीतून जात नाही. उलट चुक्याच्या आंबटपणात ऑक्झॅलिक आम्लाचाच वाटा असतो, आणि वर मूठभर शेंगदाणे पडतात. तिन्ही गोष्टी एकाच पातेल्यात! उपासाच्या दिवशी पुन्हा दाण्याचं कूट आणि राजगिरा.

यावर दूध-दही बंद करणं हा उलटा इलाज आहे. खड्यात कॅल्शियम आहे म्हणून कॅल्शियम तोडायचं, हे ऐकायला पटतं. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोघं शौचावाटे निघून जातात. दही काढून टाकलंत तर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात जाऊन तिथल्या कॅल्शियमला भेटतं. इटलीत सतत खडे होणाऱ्या 120 पुरुषांना पाच वर्षं दोन प्रकारचा आहार दिला होता. निष्कर्ष 2002 मध्ये आले. नेहमीइतकं कॅल्शियम पण कमी मीठ आणि कमी मांस खाणाऱ्या 60 पैकी 12 जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम तोडलेल्या 60 पैकी 23 जणांना.

म्हणून काकांना सांगितलं, अळू महिन्यातून एखाद्या वेळी, उकडून पाणी टाकून, आणि त्याच जेवणात वाटीभर दही. रात्री झोपताना घेतलेलं दूध दुपारच्या अळूच्या कामी येत नाही. रोजच्याला मेथी, कोबी, दुधी, पडवळ. पापड आणि लोणचं मात्र खरंच कमी, कारण मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं.

यूरिक ॲसिडच्या कागदावर 'अँचोव्ही' आणि 'सार्डिन' टाळा असं होतं. "ते आम्ही कधी खाल्लंच नाही," काका म्हणाले. मी विचारलं, मांदेली? दर शुक्रवारी, कुरकुरीत तळून. मांदेली हीच आपल्याकडची अँचोव्ही, आणि सार्डिन म्हणजे तारली. त्याच कागदावर 'ऑर्गन मीट'चं भाषांतर 'सेंद्रिय मांस' झालं होतं! म्हणायचं होतं कलेजी, भेजा, गुर्दा. काकांच्या मुलाने सेंद्रिय कोंबडी टाळली आणि कलेजी चालू ठेवली.

डाळ मात्र विनाकारण अडकली होती. ज्याचं शरीरात यूरिक ॲसिड बनतं ते प्युरिन डाळींत असतं हे खरं, पण अमेरिकेत सुमारे 47 हजार पुरुषांचा 12 वर्षं मागोवा घेतला, तेव्हा मांस-मासळीने गाऊट, म्हणजे यूरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, वाढलेला दिसला, प्युरिन असलेल्या भाज्या-कडधान्यांनी नाही. वरण-आमटी सुरू झाली तेव्हा काकू माझ्यापेक्षा जास्त खूश झाल्या.

सगळ्यात मोठी गफलत पाण्याची होती. 'भरपूर पाणी प्या' यातलं भरपूर म्हणजे किती? मोजायची ती लघवी. दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. काकांनी एका रविवारी सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत मापाच्या बाटलीत धरली, भरली 1.1 लिटर. लोकलमध्ये सोय नाही म्हणून ते घरून निघताना पाणीच पीत नव्हते, आणि मुंबईच्या दमटपणात उरलंसुरलं घामात जायचं. आता ऑफिसात पोचल्यावर, जेवणाआधी आणि घरी आल्यावर अशा ठरलेल्या वेळी पितात. परवाचं माप 2.3. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी मात्र हे अनुकरण करू नये.

काकांचा खडा यूरिक ॲसिडचा निघाला असता, तर अळूपेक्षा लघवीच्या आम्लतेकडे आधी बघावं लागलं असतं. आम्लतेचं माप म्हणजे पीएच, तो जितका कमी तितकी आम्लता जास्त. तो 5.5 च्या खाली राहिला की हे खडे बनतात. साध्या एक्स-रेत ते सहसा दिसत नाहीत, पण डॉक्टरांनी दिलेल्या पोटॅशियम सायट्रेटने लघवीची आम्लता उतरली की बऱ्याचदा विरघळतात. ऑक्झलेटचा खडा असा विरघळत नाही. म्हणून गाळणीत अडकलेला खडा डबीत घालून लॅबला द्यायचा, संडासात सोडायचा नाही.