दाणेदार रेंडर, डीनॉइज आणि अपस्केल: स्वस्त पर्यायात नेमके काय कमी होते?

आमच्या कोटेशनमध्ये ‘पूर्ण आकार, डीनॉइजसह’ आणि ‘अर्धा आकार, अपस्केल करून’ असे दोन दर असतात. दुसरा दर बराच कमी दिसला की पहिला प्रश्न हमखास येतो: मग यात आम्हाला काय कमी मिळणार? फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक. उदाहरण घराच्या हॉलचे घेतले आहे. आमच्याकडचे बहुतेक काम इंटिरियरचेच असते आणि दाण्यांचा त्रासही तिथेच सर्वांत जास्त होतो.

आम्ही ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनवर रेंडर करतो, म्हणजे संगणकात उभारलेल्या खोलीचे चित्र काढतो. चित्राच्या प्रत्येक पिक्सेलमधून ते खोलीत किरण सोडते. किरण भिंतीवर, फरशीवर, सोफ्यावर आपटत जातो आणि उजेडाच्या उगमापर्यंत पोचला तर त्या पिक्सेलला उजेड मिळतो. अशा एका फेरीला सँपल म्हणतात. आपटल्यावर किरण कुठल्या दिशेने जाईल हे यादृच्छिक असते. खोलीत उजेड एकाच खिडकीतून येत असेल, तर थोड्याच किरणांना ती खिडकी सापडते. शेजारी-शेजारी असलेल्या दोन पिक्सेलांपैकी एकाला सापडते, दुसऱ्याला नाही, आणि भिंतीवर रवा सांडल्यासारखे दिसते. यालाच नॉइज म्हणतात.

सँपल वाढवले की दाणे कमी होतात, पण हिशेब महागात पडतो. दाणे निम्मे करायचे तर सँपल चौपट लागतात, पाव करायचे तर सोळापट. एका हॉलचे काम बघा. 3840×2160 म्हणजे 4K आकारात, दर पिक्सेलला 256 सँपल धरून, आमच्या मशीनवर साधारण 13 मिनिटे लागली. भिंतीवर दाणे स्पष्ट दिसत होते. ते नुसत्या सँपलच्या जोरावर पाव करायचे म्हटले असते, तर 4096 सँपल आणि साडेतीन तासांच्या आसपास वेळ लागला असता, तेही एका कॅमेऱ्यासाठी. त्याऐवजी 256 वरच थांबून डीनॉइज केले. त्याला काही सेकंद लागले.

डीनॉइजर म्हणजे फोटो गुळगुळीत करणारा फिल्टर, असा समज असतो. तो तसा नाही. आम्ही वापरतो तो इंटेलचा ओपन इमेज डीनॉइज 2019 पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे आणि ब्लेंडरमध्येच येतो. दाणेदार आणि स्वच्छ चित्रांच्या जोड्यांवर शिकवलेले ते न्यूरल नेटवर्क आहे. दाणेदार चित्राबरोबर त्याला आणखी दोन चित्रे देता येतात: एक, उजेड-सावली वगळून वस्तूंचा मूळ रंग, म्हणजे आल्बेडो, आणि दुसरे, प्रत्येक पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते, म्हणजे नॉर्मल. ही दोन्ही थोड्या सँपलमध्येच जवळजवळ स्वच्छ निघतात. त्यामुळे सागवानाच्या शिरा कुठे आहेत आणि कपाटाची कड कुठे संपते, हे डीनॉइजरला आधीच ठाऊक असते. तो फक्त उजेडातले दाणे काढतो, शिरा पुसत नाही.

त्याची मर्यादाही इथेच आहे. याच हॉलच्या कोपऱ्यात जाळीदार पितळी दिवा टांगला होता. आतला बल्ब काचेच्या गोळ्यात होता आणि जाळीची नक्षी भिंतीवर पडत होती. ती नक्षी ना भिंतीच्या रंगात असते, ना तिच्या आकारात. ती निव्वळ उजेडात असते. शिवाय काचेतून येणारा उजेड सायकल्सला शोधायला फार कठीण जातो. डीनॉइजरला वाटले हेही दाणेच, आणि नक्षीच्या जागी पिवळट ढग उरला. शेवटी काचेचा गोळा काढून नुसता बल्ब ठेवला आणि तेवढा कोपरा 1024 सँपलवर वेगळा करून चित्रात बसवला. म्हणून असा दिवा, पाण्यातून किंवा काचेतून पडणारी तिरीप, आरसेकाम असले काही डिझाइनमध्ये असेल तर आधी सांगा.

आता अपस्केल, म्हणजे लहान आकारात रेंडर केलेले चित्र सॉफ्टवेअरने मोठे करणे. 1920×1080 मध्ये 4K च्या पाव पिक्सेल असतात, त्यामुळे तेवढ्याच सँपलवर 13 मिनिटांचे काम सव्वातीन मिनिटांत होते. एकूण वेळ मात्र अगदी पाव कधीच होत नाही. सीन मेमरीत भरायला या हॉलला सुमारे 40 सेकंद लागतात, आणि चित्र लहान केले म्हणून ते कमी होत नाहीत. आम्ही आधी डीनॉइज करतो, मगच मोठे करतो. क्रम उलटला तर दाण्यांचेही मोठे ठिपके होतात आणि अपस्केल करणारे सॉफ्टवेअर त्यांना कापडाचा पोत समजून आणखी ठसठशीत करते.

वाचवलेला वेळ कुठे खर्च करायचा, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. 4K मध्ये 256 सँपल आणि 1080 मध्ये 1024 सँपल यांचे कष्ट सारखेच: दोन्हीकडे सुमारे 212 कोटी सँपल. एकाच स्थिर चित्रासाठी आम्ही नेहमी पहिला पर्याय घेतो. लहान चित्रात वेताच्या खुर्चीची वीण दोन-तीन पिक्सेलांत कोंबली गेली, की मोठे करताना ती परत येत नाही. सॉफ्टवेअर अंदाजाने काहीतरी विणते. दाराच्या पाटीचे तर हसू झाले होते. ‘देशपांडे’ असे लिहिलेले होते, अपस्केलनंतर शिरोरेषा जागेवर राहिली आणि खाली कुठल्याच लिपीत न बसणारी अक्षरे लोंबू लागली. ग्राहकाने ती पाहण्याआधी आमच्या लक्षात आले, एवढेच.

वॉकथ्रूचे, म्हणजे घरातून फिरल्यासारख्या व्हिडिओचे, गणित वेगळे. 20 सेकंदांचा वॉकथ्रू 25 फ्रेम प्रति सेकंद धरला तर 500 फ्रेम होतात. प्रत्येकी 13 मिनिटे म्हणजे सलग साडेचार दिवस. शिवाय प्रत्येक फ्रेमचे दाणे वेगळे आणि प्रत्येक फ्रेम सुटी डीनॉइज होते, म्हणून भिंतीवरचे फिकट डाग जागा बदलत राहतात. एका फ्रेममध्ये ते दिसत नाहीत, पण व्हिडिओ सुरू केला की छताचा कोपरा उकळल्यासारखा हलतो. इथे आम्ही आकार कमी करून सँपल वाढवतो: 1080 मध्ये 512 सँपल, फ्रेममागे साडेसहा मिनिटे, सीन भरण्याचा वेळ धरून एकूण साठ तास. हलत्या चित्रात वेताची वीण कोणी मोजत नाही, हलणारी भिंत मात्र लगेच खुपते.

चित्र हातात आल्यावर ते 100 टक्के आकारात उघडून छताखालचे कोपरे, पडद्याच्या चुण्या आणि काचेमागच्या वस्तू पाहा. भिंतीला ओल आल्यासारखे डाग असतील तर सँपल कमी पडले. गालिचा प्लॅस्टिकसारखा दिसत असेल तर डीनॉइजरने जास्त पुसले. दोन्ही दोष आमचे. चित्र आम्ही पुन्हा करून देतो.

सीन तुम्हीच रेंडर करून फक्त डीनॉइजसाठी पाठवणार असाल, तर View Layer मध्ये Denoising Data चालू करा आणि फाइल OpenEXR MultiLayer म्हणून सेव्ह करा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या जेपीजीमध्ये आल्बेडोही नसतो आणि नॉर्मलही, वर दाबून लहान केल्याचे चौकोन असतात. त्यावर आम्ही काम घेत नाही. पाटी, लोगो किंवा फ्रेममधला फोटो असेल तर त्याची मूळ फाइल सोबत द्या, अपस्केलनंतर ती आम्ही वरून बसवतो.