टायरवरचा ‘एच’ आणि ‘टेम्परेचर ए’ : दोन अक्षरं, दोन वेगळ्या परीक्षा

समृद्धी महामार्गावर जायचं ठरलं की मुंबईत टायरच्या दुकानात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, “एच रेटिंगचा घ्या, गरम होत नाही.” दुसरं, “याच्यावर टेम्परेचर ए लिहिलंय, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यालासुद्धा चालेल.” दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्हींवर विसंबून लोक घरच्यांना गाडीत बसवून १२० ने निघतात. म्हणून ही दोन अक्षरं एकदा शेजारी ठेवून पाहू.

टायरचं माप कसं वाचायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं. १८५/६५ आर १५ ८८ एच यातला १८५ हा रुंदीचा आकडा, ६५ उंचीची टक्केवारी, १५ रिमचा व्यास. ८८ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ५६० किलो. शेवटचा एच हे वेगाचं अक्षर. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०, व्ही २४०. एच हा वर्णमालेत टीच्या आधी येतो, तरी वेगाला जास्त आहे. हा जुन्या पद्धतीचा अवशेष आहे. तेवढा लक्षात ठेवायचा आणि पुढे जायचं.

‘टेम्परेचर ए’ हे त्याच टायरवर दुसरीकडे, ‘ट्रेडवेअर’ आणि ‘ट्रॅक्शन’च्या ओळीत असतं. ही अमेरिकेची प्रतवारी आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर ती लागते आणि दर्जा उत्पादक स्वतः ठरवून छापतो. आपल्याकडच्या बऱ्याच टायरवरही ती दिसते. तिचा हवामानाशी काहीही संबंध नाही. बाहेर ४५ अंश आहे की २५, हे ती सांगत नाही. चालताना टायरच्या आत तयार होणारी उष्णता तो किती सोसतो आणि बाहेर किती टाकतो, एवढंच ती मोजते. तेही वेगाच्याच भाषेत. ड्रमवर टायर पळवत दर अर्ध्या तासाने वेग ताशी पाच मैलांनी वाढवत नेतात. ११५ मैल, म्हणजे साधारण १८५ किलोमीटर झेपले तर ए. त्याखाली १०० मैलांपर्यंत, म्हणजे १६० किलोमीटरपर्यंत बी. त्याहीखाली सी, आणि सी म्हणजे कायद्याने लागणारी किमान पात्रता.

आता १८५ हा आकडा एस आणि टी यांच्या मधोमध पडतो, हे पाहा. एच किंवा व्हीच्या टायरवर सहसा ‘ए’च सापडतो. त्यामुळे दोन एच टायरमधून एक निवडताना ‘टेम्परेचर ए’ तुम्हाला फारसं नवीन सांगत नाही. दुकानदार तेच अक्षर दाखवून पाचशे रुपये जास्त मागत असेल तर देऊ नका.

खरी गफलत याच्याही पुढे आहे. वेगाचं अक्षर हे वेगाचं वाटतं, पण ती मुळात उष्णतेची परीक्षा आहे, आणि ठरलेल्या अटींवर घेतलेली आहे. त्या अटी कुणी वाचत नाही.

युरोपच्या ३० क्रमांकाच्या नियमानुसार एचचा रेडियल टायर कसा तपासतात ते पाहू. खोलीचं तापमान २० ते ३० अंश. टायर गुळगुळीत पोलादी ड्रमवर दाबून फिरवायचा. भार कमाल क्षमतेच्या ८० टक्के, म्हणजे आपल्या ८८ च्या टायरला ४४८ किलो. हवा २.८ बार, म्हणजे सुमारे ४० पीएसआय. दोन मीटर व्यासाचा ड्रम असेल तर पहिल्या दहा मिनिटांत शून्यावरून १८० वर जायचं, मग १८०, १९० आणि २०० ला दहा दहा मिनिटं, आणि शेवटी २१० ला वीस मिनिटं. सगळं मिळून एक तास. त्यानंतर ट्रेडचा थर सुटलेला, तुकडे उडालेले किंवा दोरे तुटलेले नसले की पास. ड्रमचा गोलवा टायरला सपाट रस्त्यापेक्षा जास्त दाबतो, म्हणून १.७ मीटरच्या लहान ड्रमवर सगळे वेग दहाने कमी धरतात. परीक्षा सोपी नाही. पण ती ४० पीएसआयवर, नव्या टायरवर, छताखाली घेतलेली आहे.

आता रस्त्यावरचा टायर. मधल्या आकाराची सेडान गाडी धरा, रिकामी सुमारे ११०० किलोची. पाच माणसं आणि सामान धरून ती पंधराशेच्या आसपास जाते. मागच्या प्रत्येक टायरवर साधारण ४०० किलो येतात. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलेलं आहे. गाडी गेले दोन-तीन महिने सोसायटीच्या स्टिल्टमध्ये उभी राहते आणि दिवसाला अंधेरी ते बीकेसी एवढीच चालते. त्यात हवा उतरत उतरत २४ वर आली आहे. डोळ्यांना कळत नाही, कारण रेडियलचं पोट नेहमीच थोडं सुटलेलं असतं. शहरात निभावतंही, कारण तीस-चाळीसच्या वेगाला आणि दर सिग्नलला उष्णता निघून जायला वाव मिळतो.

पण ५६० किलो हा आकडाही हवेवरच उभा आहे. पूर्ण क्षमता साधारण ३६ पीएसआयला मिळते. ३३ ला ती सव्वापाचशेच्या आत येते, आणि २४ ला जेमतेम ४०० उरते. म्हणजे मागचे दोन्ही टायर निघतानाच काठोकाठ भरलेले आहेत. मग गाडी आमण्याला समृद्धीवर चढते आणि १२० ला स्थिर होते.

या मापाचा टायर १२० ला सेकंदाला सतरा वेळा फिरतो. प्रत्येक फेरीत त्याचा प्रत्येक भाग रस्त्याशी एकदा दबतो आणि उलगडतो. रबर दबताना जेवढी ऊर्जा घेतं तेवढी उलगडताना परत देत नाही. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. हवा कमी असली की प्रत्येक दाबाला टायर जास्त वाकतो, आणि वेग वाढला की दाब जास्त वेळा बसतात. या दोन गोष्टींचा गुणाकार होतो. त्यातच रबर उष्णता बाहेर सोडायला फार आळशी, आणि सगळ्यात जाड रबर टायरच्या खांद्याला असतं. पोलादी पट्ट्यांच्या कडा नेमक्या तिथेच आत संपतात. तिथलं रबर तापून मऊ पडलं की पट्टा आणि रबर यांची पकड सुटू लागते. अर्ध्या-पाऊण तासात टायर आपल्या स्थिर तापमानाला पोचतो, आणि समृद्धीवर त्यानंतरही तासन्‌तास ब्रेक लागत नाही. टायर ‘अचानक’ फुटला असं आपण म्हणतो, पण आतलं काम आधीपासून चाललेलं असतं.

या प्रसंगात एच २१० चा आहे की टी १९० चा, याने फार काही बदलत नाही. ३३ पीएसआयचा एस मी २४ पीएसआयच्या एचपेक्षा कधीही पसंत करेन, आणि यात मला तिळमात्र शंका नाही.

मग वरच्या अक्षराचा उपयोग काय? आहे, आणि तो टायरच्या अंगावरच वाचता येतो. साइडवॉलवर बारीक अक्षरांत ट्रेडच्या भागात कोणते थर आहेत ते लिहिलेलं असतं. एक पॉलिस्टर, दोन स्टील, आणि बऱ्याच टायरांत त्यावर एक किंवा दोन नायलॉन. हे नायलॉनचं आवरण पोलादी पट्ट्यांना घट्ट बांधून ठेवतं, वेगात त्यांच्या कडा उचलू देत नाही. वेग फारच वाढला की रस्त्यापासून सुटलेला भाग पुढच्या फेरीआधी सरळ होत नाही, टायरवर लाटा उभ्या राहतात आणि तापमान झपाट्याने चढतं. नायलॉन ही मर्यादा वर ढकलतं. दोन टायरांत निवड असेल तर मी अक्षराआधी ही ओळ वाचतो. गाडीला मुळात आलेल्या अक्षरापेक्षा खालचं मात्र घेऊ नका. चारांत एक खालचा असेल, तर गाडीची मर्यादा त्या एकाचीच. बारीक स्टेपनीवर ८० चा स्टिकर असतो, तो तर अक्षरशः पाळायचा.

निघण्याआधी करायचं काम एवढंच. आदल्या रात्री उभ्या गाडीची हवा सकाळी ऊन लागण्याआधी घरच्या गेजने मोजा. स्टिकरवर पूर्ण भारासाठी वेगळा आकडा असेल तर तो धरा. समजा हवे ३३ आणि निघाले २५, तर तूट आठची. पंपावर पोचेपर्यंत टायर तापून तोच गेज २८ दाखवेल. तिथे ३३ वर थांबू नका, आठ भरून ३६ करा. वाटेत ३८ दिसले म्हणून हवा काढणं ही दुसरी आवडती चूक. थंड ३३ चे, टायरमधली हवा ३० वरून ६० अंशांवर गेली की साधारण ३८ होतातच. नायट्रोजन भरला तरी वाढ जवळपास तेवढीच होते. फक्त ती आठ-दहावर गेली, तर हवा मुळात कमी होती किंवा भार जास्त आहे असं समजून सावलीत थांबा, टायर गार होऊ द्या आणि पुन्हा मोजा.

कमी हवेत लांब पळालेला टायर पुढच्या वेळी पंक्चरसाठी उघडला की आत टॉर्च मारून बघा. आत काळी रबराची भुकटी किंवा साइडवॉलला गोल फिरलेली सुरकुती दिसली, तर आतले दोरे चेंगरले आहेत. बाहेरून ट्रेडच्या एखाद्या जागी हाताला उंचवटा लागत असेल, किंवा ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल आणि बॅलन्सिंग करूनही जात नसेल, तर पट्टा सुटू लागला असण्याची शक्यता आहे. पंक्चरवाला “पॅच मारून देतो” म्हणाला तरी असा टायर पुन्हा गाडीवर चढवू नका. नक्षी कितीही शिल्लक असली तरी आणि त्यावर व्ही लिहिलेला असला तरी.