तलावाची रुंदी काढताना साइन नियम की कोसाइन नियम?

वांद्र्याच्या तलावाच्या एका काठावरून समोरच्या काठापर्यंत टेप ताणून पाहिला तर तो मधे झोल खातो आणि पाण्यात बुडतो. म्हणून अंतर पाण्यावरून मोजायचंच नाही. काठावर दोन खुणा धरायच्या, A आणि B, आणि कोरड्या जमिनीवर तिसरा बिंदू C असा निवडायचा की तिथून दोन्ही खुणा दिसतील. झाला त्रिकोण. AB ही बाजू पाण्यावर आहे, तीच आपल्याला हवी आहे. बारावीच्या गणितात इथे साइन नियम आणि कोसाइन नियम समोर येतात, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण दोन्ही सूत्रं पाठ असतात पण कुठलं लावायचं ते कळत नाही.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. C पासून A पर्यंत ५० मीटर, C पासून B पर्यंत १३० मीटर, आणि C पाशी कोन ६०°. दोन्ही अंतरं कोरड्या जमिनीवरून चालत मोजता येतात. टेप ३० मीटरचा असेल तर १३० मीटर तुकड्यातुकड्यांनी मोजावे लागतील. आधी दोर ताणून ठेवावा, नाहीतर प्रत्येक तुकडा थोडा वाकडा जातो आणि अंतर जास्त भरतं. तलावाला पायऱ्या असतील तर टेप पायऱ्यांच्या उतारावर टेकवू नये, तो आडवाच धरावा.

आता साइन नियम काय म्हणतो ते नीट पाहू. प्रत्येक बाजू आणि तिच्या समोरच्या कोनाचा साइन यांचं गुणोत्तर तिन्ही बाजूंसाठी सारखंच असतं. म्हणजे हा नियम वापरायला एक जोडी पूर्ण हातात असावी लागते: एक बाजू आणि तिच्याच समोरचा कोन. आपल्याकडे ६०° आहे, पण त्याच्या समोरची बाजू AB, जी शोधायची आहे. ५० आणि १३० या बाजू आहेत, पण त्यांच्या समोरचे कोन माहीत नाहीत. तरीही साइन नियम लिहिलाच, तर AB ÷ sin ६०° = १३० ÷ sin A असं एक समीकरण मिळतं आणि त्यात अज्ञात दोन. पुढे जायला वाट नाही. जोडी पूर्ण होत नाही म्हणून कोसाइन नियम:

AB² = ५०² + १३०² − २ × ५० × १३० × cos ६०°

cos ६०° म्हणजे अर्धा. २५०० आणि १६९०० मिळून १९४००, त्यातून ६५०० गेले, उरले १२९००. वर्गमूळ ११३.६. तलाव A पासून B पर्यंत साधारण ११३.६ मीटर.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिलीत १९४०० मधून आधी १३००० वजा केले जातात आणि मग उरलेल्याला अर्ध्याने गुणलं जातं. उत्तर येतं ५६.६. ही चूक पकडणं सोपं आहे: तिसरी बाजू १३० − ५० म्हणजे ८० पेक्षा लहान असूच शकत नाही. दुसरी चूक कॅल्क्युलेटर RAD वर राहण्याची. मग उत्तर १७८.३ येतं, आणि ते १३० + ५० म्हणजे १८० पेक्षा कमी असल्यामुळे वरच्या कसोटीतून सुटतं. तेव्हा दुसरी कसोटी लावायची. C काटकोन असता तर AB १९४०० चं वर्गमूळ, म्हणजे १३९.३ भरली असती. आपला कोन त्याहून लहान, तेव्हा उत्तर १३९ च्या आतच हवं.

समजा पलीकडच्या काठाला भिंत आहे आणि B पर्यंत जाताच येत नाही. B नुसती लांबून दिसते. आता १३० मीटर मोजता येणार नाहीत. पण तीच CA ही ५० मीटरची बाजू मोजून तिच्या दोन्ही टोकांशी कोन घेता येतात: C पाशी ६०°, A पाशी ९७.६°. वजाबाकीने B चा कोन २२.४° मिळतो, आणि तो मिळताच जोडी पूर्ण होते, कारण CA त्याच्याच समोर आहे. म्हणून इथे साइन नियम: AB = ५० × sin ६०° ÷ sin २२.४°, म्हणजे पुन्हा ११३.६. त्रिकोण तोच आहे. कुठला नियम लावायचा हे आपण काय मोजू शकलो त्यावर ठरलं.

कागदावर दोन्ही पद्धती सारख्या वाटल्या तरी काठावर तसं नसतं. C चा कोन चुकून ६१° वाचला तर कोसाइनने ११४.४ येतं, फरक एका मीटरहून कमी. तीच एका अंशाची चूक साइनच्या पद्धतीत B चा कोनही २१.४° करून टाकते आणि उत्तर ११९.९ वर जातं. सहा मीटरचा फरक! लहान कोनाचा साइन छोटा असतो, तो छेदात बसलेला असतो, आणि थोडा हलला तरी भागाकार खूप हलतो. CA फक्त २० मीटर घेतली तर B चा कोन दहा अंशांच्याही आत येतो आणि त्याच चुकीने जवळजवळ १४ मीटर जास्त भरतात. म्हणून B गाठता येत नसेल तर अलीकडच्या काठावर जागा मिळेल तितकी लांब रेघ घ्यावी. आणि कोन फोनच्या होकायंत्राने मोजणार असाल तर लोखंडी कठड्यापासून दूर उभं राहावं. लोखंडाने सुई सहज काही अंश फिरते. फळीवर कोनमापक चिकटवून दोन टाचण्यांमधून नेम धरलेला बरा.

शेवटचा धोका सगळ्यात फसवा आहे. पहिल्या पद्धतीने AB काढली, आता A चा कोन हवा. जोडी पूर्ण झालेली असल्याने साइन नियम चालेल असं वाटतं: sin A = १३० × sin ६०° ÷ ११३.६, म्हणजे ०.९९१. कॅल्क्युलेटर ८२.४° दाखवतो. पण खरा कोन ९७.६° आहे. १८०° मधून वजा केलेल्या कोनाचा साइन तोच असतो आणि कॅल्क्युलेटर त्यातला नेहमी लहान कोन देतो. आता B चा कोन वजाबाकीने काढला तर बेरीज १८०° जुळतेच, म्हणून ती पडताळणी काही सांगत नाही. उपाय असा: साइन नियमाने आधी लहान बाजूसमोरचा कोन काढायचा. इथे ५० मीटरसमोरचा B, २२.४°. लहान बाजूसमोरचा कोन विशालकोन असू शकत नाही, त्यामुळे घोळच होत नाही. किंवा A कोसाइन नियमाने काढायचा: cos A ऋण आला की कोन ९०° च्या पुढचा.

मात्र CA, CB आणि B चा कोन एवढंच मोजून आणलं असेल, तर कोसाइन नियमही वाचवत नाही. AB साठी वर्गसमीकरण येतं आणि त्याची दोन्ही उत्तरं धन असतात: ११३.६ आणि १२६.८ मीटर. दोन्ही त्रिकोण खरेच काढता येतात. एकात A चा कोन ९७.६°, दुसऱ्यात ८२.४°. अशा वेळी A पाशी परत जावं, वहीचा कोपरा एका कडेने C च्या रोखात धरावा आणि दुसऱ्या कडेवरून B कडे पाहावं. B दोन कडांच्या मधे दिसली तर १२६.८, कोपऱ्याबाहेर गेली तर ११३.६.